कच्चं अंडं की शिजवलेलं: प्रथिन कशातून जास्त मिळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिममध्ये जाणारी मुलं, त्यांच्या आया, तालमीतले वस्ताद आणि आजारातून उठलेल्या माणसांचे नातेवाईक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सोपे प्रश्न आधी आहेत आणि अपवाद नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. थोडक्यात सांगा, शिजवलेल्या अंड्यातून खरंच जास्त प्रथिन मिळतं का?

हो, आणि फरक बराच मोठा आहे. शिजवलेल्या अंड्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त प्रथिन लहान आतड्यात पचून रक्तात जातं. कच्च्या अंड्यातलं, कुठला प्रयोग धरता त्याप्रमाणे, साधारण निम्मं ते दोन तृतीयांशच जातं. अंडं तेच, त्यातलं प्रथिन तेच, पण आपल्या पचनसंस्थेला ते किती सोडवून घेता येतं यात फरक पडतो. हे आकडे कुठून आले ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. पण उकडल्यावर प्रथिन नष्ट होत नाही का? उष्णतेने सत्त्व जातं असं घरी सगळे म्हणतात.

उष्णतेने काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, हे खरं आहे. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं बहुधा तिथूनच आलेलं असतं. प्रथिनाचं मात्र तसं होत नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. उकळत्या पाण्याने ही साखळी तुटत नाही आणि अमिनो आम्लंही कुठे उडून जात नाहीत. बदलतो तो साखळीचा आकार. म्हणून मध्यम आकाराच्या अंड्यात सोललेल्या वजनाचे ५० ग्रॅम धरले तर कच्चं असताना सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिन असतं आणि उकडल्यावरही तेवढंच राहतं. त्यातलं साडेतीन ग्रॅमच्या आसपास पांढऱ्यात असतं आणि उरलेलं पिवळ्यात.

पाकिटावर किंवा तक्त्यात लिहिलेलं प्रथिन म्हणजे अंड्यात असलेलं प्रथिन. अंगी किती लागतं हा वेगळा प्रश्न आहे, आणि कच्चं की शिजवलेलं हा वाद त्या दुसऱ्या प्रश्नाचाच आहे. हे दोन वेगळे ठेवले की बरेचसे गैरसमज आपोआप मिटतात.

३. मग कच्च्या अंड्यातलं प्रथिन पूर्ण का पचत नाही? पोटात आम्ल असतं ना, ते काम करेलच की.

बहुतेक खाण्याच्या बाबतीत ते काम करतंच. अंड्याचं पांढरं मात्र वेगळ्या कामासाठी घडलेलं आहे. कोंबडीच्या दृष्टीने ते पिल्लाभोवतीचं संरक्षण आहे. कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतू आत आले तर त्यांना तिथे वाढता येऊ नये, त्यांच्या पाचक रसांना तिथलं प्रथिन सहज तोडता येऊ नये, यासाठी ते बनलेलं आहे. जंतूंना जे अवघड जातं, ते काही अंशी आपल्यालाही अवघड जातं.

पांढऱ्यातलं निम्म्याहून जास्त प्रथिन एकाच प्रकारचं असतं, त्याचं नाव ओव्हाल्ब्युमिन. त्याची साखळी लोकरीच्या घट्ट गुंड्यासारखी स्वतःभोवती गुंडाळलेली असते. पचन करणारी विकरं, म्हणजे पोटातलं पेप्सिन आणि स्वादुपिंडातून येणारी ट्रिप्सिनसारखी विकरं, साखळीतल्या ठरावीक सांध्यांवर कापतात. सांधे गुंड्याच्या आत दडलेले असले की विकरं तिथपर्यंत पोहोचत नाहीत. पोटातलं आम्ल अनेक प्रथिनांच्या घड्या सैल करतं, पण ओव्हाल्ब्युमिन आम्लातही आपली घडी बऱ्यापैकी टिकवून धरतं. त्यामुळे कच्चं असताना ते पेप्सिनला दाद देत नाही.

अंडं तापलं की घडी टिकवून धरणारे नाजूक बंध सुटतात आणि साखळी उलगडते. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात, म्हणून पारदर्शक पातळ पांढरं दुधासारखं होतं आणि घट्ट बसतं. तव्यावर डोळ्यांनी दिसतो तो हाच बदल. दिसायला अंडं कडक झालेलं असतं, पण विकरांच्या दृष्टीने ते मोकळं झालेलं असतं, कारण कापायचे सांधे आता उघड्यावर आलेले असतात. 'कडक म्हणजे पचायला जड' हा जो समज आहे तो इथे उलटा पडतो.

पांढऱ्यात विकरांना अडवणारी प्रथिनंही असतात. त्यातलं ओव्होम्युकॉइड सर्वांत जास्त प्रमाणात असतं. पण त्याची ट्रिप्सिन अडवण्याची ख्याती बरीचशी गाई-बैलांच्या ट्रिप्सिनवर केलेल्या प्रयोगांवरून आलेली आहे. माणसाच्या बाबतीत मुख्य दोष घडीचाच धरावा. आणखी एक लहान कारण असं की पातळ पदार्थ साधारणपणे घन पदार्थापेक्षा पोटातून लवकर पुढे सरकतो, म्हणजे घट्ट घडीच्या प्रथिनाला पोटात मिळणारा वेळही कमी होतो.

४. इंटरनेटवर सगळीकडे '९१ टक्के विरुद्ध ५१ टक्के' असं लिहिलेलं असतं. हा आकडा खरा आहे का?

खरा आहे, पण तो कुणावर आणि कसा मोजला हे समजून घेतल्याशिवाय वापरू नये. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेन इथे पीटर एव्हेनपूल आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढची अडचण अशी होती की लहान आतड्यात किती प्रथिन शोषलं गेलं हे विष्ठेवरून कळत नाही. उरलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जंतू ते खाऊन टाकतात, आणि हिशेब बिघडतो.

म्हणून त्यांनी पाच अशा माणसांना घेतलं ज्यांच्या लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेने पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून पिशवीला जोडलेलं होतं. त्यांच्यात लहान आतड्यातून जे बाहेर येतं ते थेट गोळा करता येतं. दुसरी अडचण होती ती शरीराच्या स्वतःच्या प्रथिनाची. पाचक रसांतूनही प्रथिन आतड्यात येत असतं, मग पिशवीतलं अंड्याचं कुठलं आणि शरीराचं कुठलं हे कसं ओळखायचं? त्यासाठी कोंबड्यांना खुणेचं, म्हणजे जड कार्बन आणि जड नायट्रोजन असलेलं ल्युसिन हे अमिनो आम्ल खाद्यातून दिलं. त्या कोंबड्यांच्या अंड्यांतल्या प्रथिनावर ही खूण उमटली. मग २५ ग्रॅम अंड्याचं प्रथिन एकदा शिजवून आणि एकदा कच्चं खायला दिलं आणि पिशवीत खुणेचं प्रथिन किती उरलं ते मोजलं. उच्छ्वासात खुणेचा कार्बन किती आला तेही पाहिलं, कारण शोषलेलं अमिनो आम्ल शरीरात जळलं की त्याचा कार्बन श्वासावाटे बाहेर पडतो.

निकाल असा आला: शिजवलेल्याचं ९०.९ टक्के पचलं, कच्च्याचं ५१.३ टक्के. शिजवलेल्याचे आकडे पाचही जणांत जवळजवळ होते, कच्च्याचे मात्र बरेच इकडेतिकडे होते. म्हणजे कच्चं अंडं कुणाला किती पचेल हे माणसामाणसात बदलतं, शिजवलेलं मात्र जवळपास सगळ्यांना सारखंच पचतं.

प्रयोगाची रचना उत्तम होती, पण माणसं पाचच होती, आणि त्यांची आतडी शस्त्रक्रिया झालेली होती. त्यामुळे ५१ हा आकडा दगडावरची रेघ म्हणून सांगणं चुकीचं आहे. याच गटाने १९९९ मध्ये निरोगी माणसांवर पुन्हा काम केलं. पुन्हा २५ ग्रॅम प्रथिन दिलं. शिजवलेल्यातलं सुमारे ६ टक्के आणि कच्च्यातलं सुमारे ३५ टक्के प्रथिन न पचता पुढे गेलं. म्हणजे निरोगी माणसात कच्च्यातलं ६५ टक्के अंगी लागलं. मी सल्ला देताना हाच आकडा धरतो, कारण माझ्यापुढे बसलेली माणसं बहुतेक निरोगी आतड्याची असतात.

५. मी रोज सकाळी चार कच्ची अंडी पितो. मला नक्की किती प्रथिन मिळतं?

चार मध्यम अंडी म्हणजे २५ ग्रॅम प्रथिन. प्रयोगातही एवढंच दिलं होतं, त्यामुळे हिशेब सरळ आहे. ६५ टक्के धरले तर तुमच्या रक्तात सुमारे १६ ग्रॅम जातात. तीच चार अंडी उकडून खाल्ली असती तर साडेतेवीसच्या आसपास गेली असती. रोज सात ग्रॅमचा फरक आहे, म्हणजे एका अख्ख्या अंड्याहून थोडं जास्तच.

उलट बाजूने बघा. उकडलेल्या चार अंड्यांइतकं प्रथिन कच्च्यातून मिळवायचं तर जवळपास सहा अंडी प्यावी लागतील. महिन्याला साठ अंडी जास्त लागतात आणि पदरात पडतं तेवढंच. ज्याला कमी पैशांत प्रथिन भागवायचं आहे, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी असो की हातावर पोट असलेला पैलवान, त्याच्यासाठी पाणी उकळायला लागणारा गॅस हा सर्वांत स्वस्त सौदा आहे.

६. न पचलेलं प्रथिन जातं कुठे? ते नुसतंच बाहेर पडत असेल तर बिघडलं काय?

ते मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जंतू त्यावर ताव मारतात. प्रथिन जंतूंनी कुजवलं की अमोनिया, फिनॉल आणि क्रेसॉलसारखी द्रव्यं तयार होतात. १९९९ च्या अभ्यासात कच्चं अंडं खाल्ल्यावर लघवीतून बाहेर पडणाऱ्या अशा फिनॉलिक द्रव्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. रोजच्या जगण्यात हे ओळखायची खूण म्हणजे पोटात गुडगुड आणि कुजक्या वासाचे वायू. कच्ची अंडी पिणारी मुलं 'प्रोटीन जास्त झालं म्हणून गॅस होतो' असं म्हणतात. बऱ्याचदा प्रथिन जास्त झालेलं नसतं, ते पचलेलं नसतं. आठवडाभर तीच अंडी उकडून खाल्ली की फरक पडतो का ते बघा. निरोगी माणसाला यातून लगेच काही इजा होत नाही, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ही द्रव्यं बाहेर टाकणं जड जातं, त्यांनी कच्च्या अंड्यांच्या वाटेला जाऊ नये.

७. पण स्नायू वाढायला तरी फरक पडतो का? जुने पैलवान कच्ची अंडी पिऊनच तयार झाले.

याचं उत्तर २०२२ च्या एका अभ्यासाने दिलं, आणि ते अपेक्षेपेक्षा वेगळं आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात वजनं उचलणाऱ्या ४५ निरोगी तरुणांचे तीन गट केले. व्यायामानंतर एका गटाला पाच कच्ची अंडी, दुसऱ्याला पाच उकडलेली अंडी दिली. दोन्हीत सुमारे ३० ग्रॅम प्रथिन होतं. तिसऱ्या गटाला ५ ग्रॅम प्रथिनाची साधी न्याहारी दिली. मग पाच तास रक्त तपासलं आणि स्नायूंचे बारीक तुकडे काढून नवं प्रथिन किती वेगाने बनतंय ते मोजलं.

उकडलेल्या अंड्यांनंतर रक्तातली आवश्यक अमिनो आम्लं कच्च्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त उंचीवर गेली. म्हणजे प्रश्न ३ मधलं कारण इथेही दिसलं. पण स्नायूत नवं प्रथिन बनण्याच्या वेगात दोन गटांत फरक आढळला नाही.

माझ्या मते याचा अर्थ असा. तरुण माणसाच्या स्नायूला एका वेळी साधारण २० ग्रॅमच्या आसपास चांगलं प्रथिन मिळालं की त्याचा जोर जवळपास पूर्ण लागतो. पाच कच्च्या अंड्यांतून ६५ टक्क्यांनी साडेएकोणीस ग्रॅम मिळतात, म्हणजे ती पातळी जेमतेम गाठली जाते. दोन कच्च्या अंड्यांतून मात्र आठच ग्रॅम मिळतील. म्हणून 'फरक पडत नाही' हे वाक्य पाच अंडी, तरुण वय आणि एक व्यायाम यांच्यापुरतं घ्या. साठीनंतर स्नायू प्रथिनाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत आणि त्यांना प्रत्येक ग्रॅम हवा असतो. तिथे मी हा निकाल लावणार नाही.

जुन्या पैलवानांबद्दल एवढंच म्हणेन की त्यांचा खुराक अंड्यांवर थांबत नव्हता. दूध, तूप, बदाम, मटण भरपूर असे. अंड्यातलं थोडं वाया गेलं तरी ते त्यांना जाणवायचं कारण नव्हतं.

८. हाफ-फ्राय आणि हाफ-बॉइल कच्च्यात धरायचं की शिजवलेल्यात?

पांढऱ्याकडे बघा, पिवळ्याकडे नाही. घट्ट घडीचं ओव्हाल्ब्युमिन पांढऱ्यात असतं. पांढरं पूर्ण दुधाळ आणि घट्ट झालं असेल तर पिवळं वाहतं असलं तरी प्रथिनाच्या हिशेबात ते अंडं शिजलेलं धरा.

फसवणूक होते ती काठावर. पांढरं साधारण ६२ अंशांपासून घट्ट व्हायला लागतं, कारण त्यातली काही प्रथिनं लवकर उलगडतात. पण ओव्हाल्ब्युमिनला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणून गाडीवरच्या घाईच्या हाफ-फ्रायमध्ये कडेचं पांढरं जाळीदार झालेलं असतं आणि पिवळ्याभोवतीचं पांढरं मात्र पारदर्शक, चिकट, चमच्याला तार धरणारं राहतं. तेवढा भाग कच्चाच आहे. घरी करताना आच मंद ठेवा, तव्यावर चमचाभर पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा. वाफेने वरचं पांढरं दीडेक मिनिटात बसतं आणि पिवळं मऊ राहतं.

हाफ-बॉइलचंही तसंच. उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटांनी पांढरं बसलेलं असतं. अंडं फ्रीजमधून काढून थेट टाकलं असेल तर एखादं मिनिट जास्त लागतं. जंतूंच्या दृष्टीने वाहतं पिवळं चालेल का, हा निराळा प्रश्न आहे, तो १३ मध्ये आहे.

९. आमच्याकडे गरम दुधात अंडं फेटून देतात. दूध गरम असल्यामुळे अंडं शिजतं ना?

बहुतेक घरांत शिजत नाही, आणि हे मोजून दाखवता येतं. कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर दूध आणि एक ५० ग्रॅमचं अंडं धरा. अंडं घरातल्या हवेइतकं, २८ अंशांवर आहे. दोन्ही मिसळल्यावर तापमान मधे कुठेतरी ठरतं, आणि दूध चौपट असल्यामुळे ते दुधाच्या बाजूला झुकतं.

दूध पिण्याजोगं गरम, म्हणजे ६० अंशांवर असेल, तर मिश्रण साधारण ५४ अंशांवर येतं. तिथे पांढऱ्यातलं काहीच नीट उलगडत नाही. तुम्ही कच्चं अंडंच पिताय, फक्त दुधातून. दूध नुकतंच उतू गेलेलं, ९० अंशांच्या वर असेल, तर मिश्रण ७७-७८ अंशांवर येतं आणि लगेच निवायला लागतं. पिवळं आणि पांढऱ्यातली काही प्रथिनं उलगडतात, पण ओव्हाल्ब्युमिन बरंचसं तसंच राहतं. शिवाय फ्रीजमधलं अंडं असेल तर आकडे आणखी खाली येतात.

करायचंच असेल तर फेटलेलं अंडं दुधात घालून मिश्रण पुन्हा मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळत ८० अंशांपर्यंत न्या. कस्टर्डसारखं ते चमच्याच्या पाठीला जाडसर थर धरायला लागतं, ही खूण. तळाशी गाठी झाल्या तर घाबरू नका, त्या शिजलेल्या अंड्याच्याच आहेत, गाळून न टाकता खाव्यात. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला हे देतात म्हणून मी या उत्तरावर जास्त वेळ घालवतो. ज्याला प्रथिनाची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच आपण अर्धकच्चं देत असतो.

१०. मग जितकं जास्त शिजवू तितकं जास्त मिळेल का?

नाही. पांढरं एकदा पूर्ण बसलं की पुढचा फायदा संपतो. बारा मिनिटं उकडलेलं अंडं आणि वीस मिनिटं उकडलेलं अंडं यांत प्रथिनाच्या दृष्टीने सांगण्यासारखा फरक नाही. जास्त उकडलं की पांढरं रबरासारखं होतं आणि पिवळ्याभोवती हिरवट-राखाडी कडा येते. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन ती बनते, आणि ती निरुपद्रवी आहे. रबरी झालेलं अंडं नीट चावून खाल्लं तर ते पचतं, मोठे तुकडे गिळले तर विकरांना आत शिरायला वेळ लागतो. ऑम्लेट करपून तपकिरी-काळं झालं तर तेवढ्या भागातलं लायसिन हे अमिनो आम्ल थोडं वाया जातं. त्याची काळजी करण्यापेक्षा करपलेल्या चवीची करा.

११. मिक्सरमध्ये फेस येईपर्यंत फेटलं किंवा वर लिंबू पिळलं तर घडी सुटते का?

थोडी सुटते. फेटताना हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर पसरलेलं प्रथिन उलगडतं, त्यामुळेच फेस टिकतो. पण मिक्सरच्या भांड्यातलं बरंचसं प्रथिन बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर पोहोचतच नाही, ते द्रवात तसंच असतं. लिंबाबद्दल उत्तर प्रश्न ३ मध्येच आहे: पोटातलं आम्ल लिंबापेक्षा तीव्र असूनही ते ओव्हाल्ब्युमिनला पुरेसं सोडवू शकत नाही. केळं, मध, ओट्स घालून केलेल्या शेकमध्ये कच्चं अंडं टाकलं तरी ते कच्चंच राहतं. त्याऐवजी उकडलेलं अंडं मिक्सरमध्ये टाका. ऐकायला विचित्र वाटतं, पण दुधाबरोबर ते छान एकजीव होतं.

१२. फक्त पिवळं कच्चं खाल्लं तर?

पिवळ्यातली प्रथिनं मुख्यतः चरबीशी जोडलेली असतात आणि त्यांची बांधणी पांढऱ्यासारखी घट्ट नसते. त्यामुळे पचनाची अडचण प्रामुख्याने पांढऱ्याची आहे. पांढरं टाकून पिवळं पिणारे कमीच असतात, त्याउलट 'चरबी नको' म्हणून फक्त पांढरं कच्चं पिणारे पुष्कळ भेटतात. पचनाच्या दृष्टीने त्यांनी सर्वांत वाईट अर्ध निवडलेलं असतं.

१३. गावरान अंडं ताजं असेल, धुऊन घेतलं असेल, तर कच्चं सुरक्षित नाही का?

साल्मोनेला नावाचा जंतू दोन वाटांनी येतो. एक, कवचावर लागलेल्या विष्ठेतून. दोन, कोंबडीच्या अंडाशयातूनच, कवच तयार होण्याआधी. दुसऱ्या वाटेने आलेला जंतू अंड्याच्या आत असतो आणि धुण्याने जात नाही. कोंबडी धडधाकट दिसत असली तरी तो असू शकतो. गावरान असणं किंवा ताजं असणं यातून ही दुसरी वाट बंद होत नाही. उलट घरी साध्या पाण्यात धुऊन ओली ठेवलेली अंडी जास्त धोक्याची, कारण कवचावरचा नैसर्गिक पातळ थर जातो आणि छिद्रांतून जंतू आत ओढले जाऊ शकतात. धुवायचीच तर वापरण्याच्या अगदी आधी धुवा.

मधला भाग ७१ अंशांपर्यंत गेला की जंतू मरतात, आणि तिथे पिवळंही घट्ट झालेलं असतं. म्हणून गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण यांना वाहत्या पिवळ्याचं अंडंही देऊ नये, प्रश्न ८ मध्ये प्रथिनाच्या हिशेबाने ते चालत असलं तरी.

१४. कच्च्या अंड्याने केस गळतात असं ऐकलं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

कारण वेगळं, पण मूळ तेच, न उलगडलेलं प्रथिन. पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन अगदी थोडं असतं. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला इतकं घट्ट धरतं की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. महिनोन्‌महिने रोज बरीच कच्ची पांढरी खाणाऱ्यांत बायोटिनची कमतरता होऊन केस गळणं, त्वचेवर पुरळ असं झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. कधीतरी एखादं कच्चं अंडं पोटात गेलं तर असं होत नाही. अंडं नीट शिजवलं की ॲव्हिडिनची पकड सुटते.

१५. बाजारात पाश्चराइज्ड एग व्हाइटच्या बाटल्या मिळतात. उष्णता दिलेली असते, मग ते थेट प्यायला हरकत नाही ना?

जंतूंच्या दृष्टीने हरकत नाही, बाटली सीलबंद आणि थंड ठेवलेली असेल तर. पचनाच्या दृष्टीने मात्र ते कच्च्याच्या जवळचंच आहे. पांढऱ्याचं पाश्चरीकरण सुमारे ५७ अंशांवर काही मिनिटं करतात. मुद्दाम एवढंच तापवतात, कारण त्याहून वर गेलं तर पांढरं यंत्रातच गोठेल. जंतू मरतात, पण ८० अंशांवर उलगडणाऱ्या ओव्हाल्ब्युमिनला काहीच होत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. बाटलीतलं पांढरं ओतल्यावर पातळ आणि पारदर्शक दिसत असेल तर त्यातलं प्रथिन घडीतच आहे. पाकिटावर १०० मिलिलिटरला १० ग्रॅम प्रथिन लिहिलेलं असतं, ते प्रश्न २ मध्ये म्हटल्याप्रमाणे असलेलं प्रथिन. पॅनमध्ये ओतून दुधाळ होईपर्यंत परता, किंवा उकळत्या ओट्समध्ये धार धरून ढवळत दोन-तीन मिनिटं शिजवा. ओट्समध्ये ते दिसतही नाही आणि चवही बदलत नाही.